बाळाचं आडनाव ठरवताना: आई-बाबांची आडनावं वेगळी असतील तर काय काय बघायचं

लग्नानंतर दोघांनी आपापली आडनावं तशीच ठेवली, किंवा दोघं वेगवेगळ्या समाजातले आहेत, तोपर्यंत आडनावाचा प्रश्न फारसा येत नाही, कारण दोन मोठी माणसं दोन आडनावांनी आरामात राहू शकतात. बाळ येणार म्हटलं की मात्र एका माणसाला एकच नाव द्यायचं असतं आणि ते कागदावर लिहायचं असतं, आणि तिथे सगळं अडतं. बहुतेक जण यावर महिनोन्महिने भावनिक बोलतात (ते व्हायलाच हवं) पण कागदाचा विचार शेवटच्या दिवशी करतात, हॉस्पिटलचा माणूस फॉर्म घेऊन समोर उभा असतो तेव्हा. म्हणून मी इथे कागदापासून सुरुवात करतेय. माझं ठाम मत आहे की आडनावाचा निर्णय कागदावर मांडून बघितला की निम्मं भांडण आपोआप मिटतं, कारण काही पर्याय दिसायला छान असतात पण फॉर्ममध्ये बसतच नाहीत.

पायरी १: आधी समोर किती पर्याय आहेत ते बघा

लोकांना वाटतं की दोनच आहेत, आईचं नाहीतर बाबांचं. खरं तर पाच आहेत. बाबांचं आडनाव, आईचं आडनाव, दोन्ही जोडून, दोघांनी मिळून घेतलेलं एखादं नवीन आडनाव, आणि पाचवा म्हणजे आडनावच नाही, त्या जागी आई किंवा बाबांचं पहिलं नाव. शेवटचा पर्याय बरेच जण मुद्दाम घेतात, कारण आडनावावरून जात किंवा धर्म कळू नये असं त्यांना वाटतं, आणि त्यात काही चूक नाही, फक्त त्याचे कागदी परिणाम खाली सांगते ते वाचून मग ठरवा.

अजून एक पर्याय लोक सुचवतात तो म्हणजे एकाचं आडनाव शेवटी आणि दुसऱ्याचं मधलं नाव म्हणून. यावर खाली सविस्तर लिहिलंय, कारण हा पर्याय जितका समान वाटतो तितका तो नाही.

पायरी २: जन्म जिथे नोंदवणार तिथला नियम काय आहे

बाळाचा जन्म ज्या देशात नोंदवला जाणार तिथला कायदा आधी चालतो, तुमच्यात काय ठरलंय ते नंतर. आणि हे कायदे एकमेकांपासून खूपच वेगळे आहेत. स्पेनमध्ये प्रत्येक मुलाला दोन आडनावं असतात, दोन्ही पालकांकडून एकेक, कुठलं आधी लिहायचं ते पालक ठरवतात, पण पहिल्या मुलाला जो क्रम दिला तोच पुढच्या सख्ख्या भावंडांना लागू होतो. फ्रान्समध्ये २००५ पासून दोन्ही आडनावं जोडून देता येतात, आणि पालकांचं जमलंच नाही तर दोन्ही आडनावं वर्णमालेच्या क्रमाने लावतात. इटलीत तिथल्या घटना न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की आपोआप फक्त वडिलांचं आडनाव लावणं चुकीचं आहे, दोन्ही लावायची, आणि एकच हवं असेल तर तसं दोघांनी मिळून ठरवायचं. जर्मनीत तर मुलाला दोघांचं जोडआडनाव देणं १ मे २०२५ पासून शक्य झालं.

यातून लक्षात घ्यायचं एवढंच की तीन गोष्टी विचारायच्या असतात. जोडआडनाव चालतं का, पहिल्या मुलाचा निर्णय पुढच्या मुलांना बांधून ठेवतो का, आणि दोघांचं एकमत नसेल तर काय होतं. ही तीन उत्तरं नोंदणी ऑफिसातून किंवा त्यांच्या साइटवरून आधीच काढून ठेवा, बाळ झाल्यावर कोणालाच फोन करायची ताकद नसते.

भारतात जन्म नोंदवणार असाल तर परिस्थिती बऱ्यापैकी मोकळी आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, आणि त्या कायद्याच्या कलम १४ मध्ये सोय अशी आहे की नाव न लिहिता जन्म नोंदवता येतो आणि नाव नंतर घालता येतं. पहिल्या १२ महिन्यांत त्याची फी नसते, नंतर उशिराची फी लागते. ही सोय अनेकांना माहीतच नसते! त्यामुळे एकमत झालं नसेल तर घाईघाईत ‘सध्या हे लिहू, नंतर बदलू’ असं कधीच करू नका, नावाचा रकाना सरळ रिकामा सोडा. कारण रिकाम्या जागी नाव घालणं सोपं आहे पण लिहिलेलं नाव बदलणं खूप अवघड आहे. नोंदीतली दुरुस्ती कलम १५ खाली होते आणि ते कलम चुकांसाठी आहे, स्पेलिंग चुकलं वगैरे. तुमचं मत बदललं ही चूक धरली जात नाही.

आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर याला अजून वजन आलंय. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेश, पासपोर्ट, मतदार यादी अशा सगळीकडे जन्मतारीख आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच चालतो. पूर्वी शाळेच्या दाखल्यावर वेगळं, पासपोर्टवर वेगळं असं खपून जायचं, आता पहिला कागद सगळ्याचा पाया आहे.

महाराष्ट्रात अजून एक गोष्ट, १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी सरकारी कागदांवर नावाचा क्रम बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव असा ठरवलाय. म्हणजे आईचं पहिलं नाव आता तसंही येतं. काही जणींना वाटतं की मग आईच्या आडनावाची गरज काय. मला हे पटत नाही, पहिलं नाव आणि आडनाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

पायरी ३: नाव खान्यांमध्ये लिहून बघा

हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि यावर कोणीच बोलत नाही.

आपण नाव सलग एका ओळीत डोक्यात धरतो, पण कागदपत्रं ते खान्यांमध्ये तोडतात, आणि प्रत्येक कागद वेगळ्या ठिकाणी तोडतो. आधारवर सगळं नाव एका ओळीत येतं. पासपोर्टमध्ये दोन खाने असतात, एक आडनावाचा आणि एक बाकीच्या नावाचा. पॅनच्या फॉर्ममध्ये तीन, आडनाव, पहिलं आणि मधलं. तुम्ही ठरवलेलं नाव या तिन्हीत तसंच्या तसं बसलं तर ते टिकेल, आणि नाही बसलं तर प्रत्येक ठिकाणी कोणीतरी क्लार्क स्वतःच्या मनाने तोडणार.

एक उदाहरण घेऊ. आई डिसूझा, बाबा गोखले, मुलीचं नाव तारा ठरलंय. दोघांनाही दोन्ही आडनावं हवीत. आता हे दोन प्रकारे लिहिता येतं. एक, ‘गोखले डिसूझा’ असं पूर्ण आडनाव म्हणून. दोन, डिसूझा मधलं नाव आणि गोखले आडनाव. बोलताना दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही, पण पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली जी दोन ओळींची मशीनने वाचायची पट्टी असते तिच्यात बघा काय होतं:

```
P<INDGOKHALE<DSOUZA<<TARA<<<<<<<<<<<<<<<<<<<
P<INDGOKHALE<<TARA<DSOUZA<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

या पट्टीचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलेले आहेत आणि ते सगळ्या देशांना सारखेच. आधी आडनाव, मग दोन बाण, मग बाकीचं नाव. शब्दांमधल्या जागेला एक बाण. पहिल्या ओळीत डिसूझा दोन बाणांच्या आधी आहे, म्हणजे ते आडनावाचा भाग आहे. दुसऱ्या ओळीत ते दोन बाणांच्या नंतर गेलं, म्हणजे जगातल्या कुठल्याही मशीनसाठी ते ताराचं दुसरं पहिलं नाव झालं, आणि तिचं आडनाव फक्त गोखले. विमानाच्या तिकिटावर, व्हिसावर, परदेशातल्या शाळेच्या यादीत सगळीकडे ती तारा गोखले होणार आणि हळूहळू डिसूझा कुठेच दिसणार नाही.

म्हणून मी वर म्हटलं की मधलं नाव हा पर्याय समान नाही. एकाचं आडनाव राहतं, दुसऱ्याचं काही वर्षांत गळून पडतं. दोघांना ते समजून मान्य असेल तर बिनधास्त करा, चांगला पर्याय आहे, फक्त ‘दोन्ही लावलंय ना’ म्हणून कोणाची समजूत काढायला तो वापरू नका.

त्याच उदाहरणात अजून एक गोष्ट आहे. डिसूझा इंग्रजीत लिहिताना डी नंतर वरचा छोटा स्वल्पविराम असतो. मशीनच्या पट्टीत तो चालत नाही, गळून जातो आणि अक्षरं चिकटतात. दोन आडनावांमध्ये हायफन टाकलात तर त्याचाही पट्टीत एक बाण होतो, म्हणजे जागा सोडली काय आणि हायफन टाकला काय, मशीनला सारखंच. उलट कितीतरी ऑनलाइन फॉर्म हायफन घेतच नाहीत, मग कोणी जागा सोडतं, कोणी दोन्ही शब्द एकत्र टाइप करतं आणि एकाच मुलीची तीन नावं तयार होतात. त्यामुळे माझा सल्ला, जोडायचं असेल तर हायफनशिवाय, मध्ये साधी जागा सोडून, आणि जन्म नोंदीपासून सगळीकडे तसंच.

मग लांबी. या पट्टीत नावासाठी एकूण ३९ जागा असतात, बाणांसकट. गोखले डिसूझा तारा मिळून वीसच होतात, काही प्रश्न नाही. पण समजा एक जण चट्टोपाध्याय आणि दुसरा बालसुब्रमण्यम. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे १३ आणि १५ अक्षरं, मधला एक बाण, म्हणजे २९. पुढे दोन बाण, झाले ३१. पहिल्या नावाला उरल्या आठ जागा. आणि मुलाचं नाव अनिरुद्ध ठेवायचंय, इंग्रजीत नऊ अक्षरं. एक अक्षर कापलं जाणार. पासपोर्टवर वरच्या भागात नाव पूर्ण छापलेलं असेल तरी खालच्या पट्टीत तुटकं, आणि मग तिकिटाच्या नावाशी ते जुळत नाही म्हणून काउंटरवर समजावत बसायचं. अशा वेळी एक तर पहिलं नाव छोटं निवडा, किंवा दोन आडनावांचा हट्ट सोडा. मला वैयक्तिक वाटतं की दोन्ही आडनावं मिळून साधारण वीस अक्षरांच्या आत असतील तरच जोडावीत.

आडनावच नको म्हणणाऱ्यांसाठी: आडनावाचा खाना रिकामा सोडला तर अनेक परदेशी फॉर्म पुढेच जात नाहीत, तो खाना तिथे सक्तीचा असतो. अमेरिकेच्या व्हिसावर अशा लोकांच्या पहिल्या नावाच्या जागी ‘पहिलं नाव माहीत नाही’ या अर्थाची तीन अक्षरं येतात आणि खरं नाव आडनावाच्या जागी जातं, मग ती तीन अक्षरं पुढे बँकेपासून लायसन्सपर्यंत मागे लागतात. त्यापेक्षा आई किंवा बाबांचं पहिलं नाव रीतसर आडनावाच्या खान्यात लिहा. जात लपवायची, कागद अडवायचे नाहीत, असं दोन्ही साधतं.

पायरी ४: समाज वेगळे असतील तर हा गैरसमज आधी काढा

आंतरजातीय लग्नात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘बाबांचं आडनाव लावलं नाही तर जातीचा दाखला मिळणार नाही’ किंवा उलट ‘आईचं लावा म्हणजे सवलत मिळेल’. दोन्ही चुकीचं. दाखला आडनावावर मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये रमेशभाई नायका प्रकरणात सांगितलंय की आंतरजातीय लग्नातलं मूल वडिलांच्या जातीचं असावं असं सुरुवातीला गृहीत धरता येतं, पण ते गृहीतक खोडता येतं, मूल प्रत्यक्षात आईच्या समाजात वाढलं, त्याने तिथले तोटे आणि अपमान सोसले, त्या समाजाने आणि बाहेरच्यांनीही त्याला तसंच धरलं, हे पुराव्याने दाखवता येतं. म्हणजे प्रश्न वाढण्याचा आहे, आडनावाचा नाही. तेव्हा दाखल्याचा मुद्दा या चर्चेतून बाजूला काढा.

तसंच आईला आडनाव ठरवायचा हक्क आहे का, हेही विचारलं जातं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर एका आईचं प्रकरण होतं, नवरा गेल्यावर तिने दुसरं लग्न केलं होतं आणि पहिल्या सासरचे नातवाच्या आडनावावर अडून बसले होते. कोर्टाने सांगितलं की वडील नसताना नैसर्गिक पालक म्हणून मुलाचं आडनाव ठरवायचा अधिकार आईचा. आजी-आजोबांचं प्रेम समजू शकतं, पण हा निर्णय त्यांचा नाही, हे त्यातून स्वच्छ होतं.

पायरी ५: दोघांनी बसायचं कसं

आधी दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न दाखवता, पाच पर्यायांना पसंतीचा क्रम द्या आणि प्रत्येकापुढे एका ओळीत कारण लिहा. मग अदलाबदल करा. कारणं वाचणं जास्त गरजेचं आहे, कारण बऱ्याचदा भांडण आडनावावर चाललेलं असतं आणि खरी भीती दुसरीच असते. गोखले-डिसूझा उदाहरणच पुढे नेऊ. आईने लिहिलं, ‘मी एकटी तिला घेऊन प्रवास करेन तेव्हा मी तिची आई आहे हे कोणाला सिद्ध करावं लागू नये.’ बाबांनी लिहिलं, ‘माझ्या आईला वाटेल की मी घर सोडलं.’ आता बघा, पहिली अडचण कागदाची आहे आणि ती कागदाने सुटते, दुसरी माणसाची आहे आणि ती बोलून सुटते. दोन्हींसाठी वेगवेगळे उपाय लागतात, आडनाव एकटं दोन्ही सोडवू शकत नाही.

आईच्या अडचणीवर उपाय म्हणजे डिसूझा आडनावाच्या खान्यातच हवं, मधल्या नावात नको. शिवाय मुलाचं आणि सोबतच्या पालकाचं आडनाव जुळत नसेल तर प्रवासात जन्म दाखल्याची प्रत, ज्यावर दोन्ही पालकांची नावं आहेत, आणि दुसऱ्या पालकाचं सहीचं संमतीपत्र जवळ ठेवायचं, इमिग्रेशनवर विचारलं जाऊ शकतं. बाबांच्या अडचणीवर उपाय म्हणजे बाबांनी स्वतः आपल्या आईशी बोलायचं. सुनेने किंवा जावयाने बोलायचं नाही, ज्याचे आई-बाबा त्याने. आणि ‘आम्ही विचार करतोय’ असं अर्धवट सांगायचं नाही, कारण त्यातून मोठ्यांना वाटतं की अजून जोर लावला तर बदलेल. ठरल्यावर सांगायचं, आणि सांगताना ‘तुमचं आडनाव तिच्या नावात आहे, ते कुठे आहे ते बघा’ असं कागदावर दाखवायचं. ‘आई, पासपोर्टवर असं लिहिलेलं येणार, गोखले पहिल्यांदा आहे बघ,’ एवढं वाक्य तासभराच्या वादापेक्षा जास्त काम करतं.

क्रम कसा ठरवायचा यावर कोणी विचारलं तर मी म्हणेन जे आडनाव तुटलं तर जास्त वाईट वाटेल ते शेवटी ठेवा की आधी, हे तुम्ही जिथे राहता तिथे कुठलं गळतं त्यावर ठरवा. भारतात शाळेत, ऑफिसात हाक मारताना शेवटचा शब्द टिकतो. स्पेनसारख्या ठिकाणी रोजच्या वापरात पहिलं आडनाव टिकतं. मोठेपणी स्वतःच्या मुलांना कुठलं द्यायचं ते मात्र ताराने ठरवायचं, चार आडनावांचा डोंगर होईल म्हणून आत्ता घाबरायचं काही कारण नाही. फ्रान्समध्ये दोघांची आडनावं जोडताना जोडआडनावाचा पालक त्यातलं एकच देतो, तसं ती पण करू शकते.

दुसरं मूल होणार असेल तर पहिल्याचंच आडनाव त्याला द्या. एकाला आईचं, एकाला बाबांचं ही कल्पना न्याय्य वाटते पण भावंडांना ती आयुष्यभर ‘तुम्ही सख्खे का?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला लावते, आणि काही देशांत तर ती परवानगीच नाही.

पायरी ६: ठरलेलं नाव सगळीकडे तसंच जातंय ना

जन्मानंतर हॉस्पिटलच्या नोंदीत बाळ आईच्या नावाने असतं, ‘अमुकचं बाळ’ असं. तिथूनच लसीकरणाच्या कार्डावर, विम्याच्या कागदावर तेच नाव जातं आणि कोणीतरी आपल्या मनाने बाबांचं आडनाव जोडून टाकतं, काही वाईट हेतूने नाही, सवयीने. म्हणून ठरलेलं नाव मराठी आणि इंग्रजी स्पेलिंगसकट एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आडनावाच्या भागाखाली रेघ मारा, आणि फॉर्म जो कोणी भरेल, काका असो की आजोबा, त्याच्या हातात तो कागद द्या. तोंडी सांगू नका.

जन्म दाखला हातात आला की घरी नेण्याआधी तिथेच उभं राहून वाचा, बाळाचं नाव, आईचं नाव आणि वडिलांचं नाव, तिन्ही तुमच्या स्वतःच्या ओळखपत्रांशी अक्षर न अक्षर जुळतात का. आईने लग्नानंतर आडनाव बदललेलं नसताना दाखल्यावर नवऱ्याचं आडनाव लागून येणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे आणि ती खरोखर चूकच असल्यामुळे दुरुस्त होते, फक्त लगेच अर्ज करा, पासपोर्ट निघाल्यावर नाही. त्यानंतरचा क्रम असा ठेवा: दाखला, मग आधार, मग पासपोर्ट, मग शाळा. प्रत्येक ठिकाणी आधीच्या कागदाची प्रत पुढे करा म्हणजे समोरचा नाव ऐकून लिहिणार नाही, बघून लिहील.

आणि दाखल्यावर नाव आल्यानंतरही मन बदललंच, तर भारतात प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात आणि राजपत्रात नोंद असा रस्ता आहे, मूल अल्पवयीन असताना पालकांनी अर्ज करायचा. पण राजपत्राने जुना जन्म दाखला पुसला जात नाही, पुढे बराच काळ दोन्ही कागद बरोबर बाळगावे लागतात, म्हणून हा रस्ता घ्यायचाच असेल तर शाळेत नाव घालण्याआधी घ्या.